कारणाचा रकाना

शुक्रवार, 13 सप्टेंबर 2024. गौरी-गणपतींचे विसर्जन आदल्याच दिवशी आटोपले होते आणि सांगली जिल्ह्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात मध्यसत्र परीक्षेचा पहिला पेपर सुरू होता. वेळापत्रक आखताना गौरींचे तीन दिवस काळजीपूर्वक टाळलेले होते. दशलक्षण पर्वाचा सहावा दिवस, सुगंध दशमी, त्याच शुक्रवारी येते याची नोंद मात्र कोणाच्याच वहीत नव्हती.

दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दहा उपवास करीत होती. तिच्या घरच्या रीतीप्रमाणे दिवसातून एकदा, माध्यान्हीला, उकळून गाळलेले पाणी घ्यायचे. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. पेपर होता दुपारी बारा ते दोन. साडेअकराला वर्गात बसणे सक्तीचे. म्हणजे जी पाण्याची एकमेव वेळ, तीच नेमकी परीक्षेची वेळ. त्या दिवशी पाणी राहून गेले. पाऊण वाजता तिने बाकावर डोके टेकले. पर्यवेक्षकांनी जवळ येऊन विचारले, “रात्रभर जागलीस काय?” तिने मान हलविली आणि एक वाजता अर्धी कोरी उत्तरपत्रिका देऊन ती बाहेर पडली. तीसपैकी नऊ गुण मिळाले.

परीक्षा नियंत्रक असलेल्या बाईंकडे ती सोमवारची सुटी उलटल्यावर आली. बाईही दिगंबर घरातल्याच. त्यांना सर्व लगेच उमगले. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली. पर्यायी परीक्षेची तरतूद होती, पण एकाच कारणासाठी, आजारपणासाठी, आणि तीही डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर. बाईंनी थोड्या संकोचानेच सुचविले की, ओळखीच्या डॉक्टरांकडून अशक्तपणा किंवा ताप असल्याचा दाखला आणलास तर काही करता येईल.

“मॅडम, ताप नव्हता,” मुलगी म्हणाली. “उपवास होता. ताप होता असं लिहून कसं देऊ?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नऊ गुण तसेच राहिले. ती गेल्यावर बाई बराच वेळ ती पुस्तिका पुढ्यात ठेवून बसल्या. तीस वर्षांपूर्वी त्या स्वतः पदवीच्या वर्गात होत्या, तेव्हा अनंत चतुर्दशीला प्रात्यक्षिक परीक्षा आली होती. वडिलांनी घरच्या डॉक्टरांना शब्द टाकला आणि ‘विषमज्वर’ असा शिक्क्यानिशी कागद आला. त्या दिवशी बाई सकाळी अभिषेकाला मंदिरात होत्या आणि कागदावर अंथरुणात. घरात कोणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. महाविद्यालयालाही नव्हते, कागद हवा होता, तो मिळाला.

त्या आठवड्यात बाईंनी मागल्या वर्षांचे वैद्यकीय अर्ज कपाटातून काढून चाळले. भाद्रपदातल्या तारखांची थप्पी इतर महिन्यांपेक्षा जाड होती. रमजान ईदच्या आसपासही तापाची साथ येऊन गेलेली दिसत होती. त्यातले खरे किती, खोटे किती, हे सांगणे अशक्य होते आणि बाईंना ते शोधायचेही नव्हते. नियम आजाराला मानत होता, व्रताला मानत नव्हता. म्हणून व्रत आजाराचे सोंग घेऊन येत होते, एवढे त्या थप्पीवरून कळत होते. प्राचार्यांना त्यांनी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, टिपण लिहा. विद्या परिषदेपुढे ठेवू. पण एका समाजापुरतं नको.”

टिपणाचा पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात राज्यघटनेचे पंचविसावे कलम होते, सर्वधर्मसमभावावर एक परिच्छेद होता आणि करायचे काय, ते शेवटच्या पाऊण पानात कोंबलेले होते. दुसऱ्या वाचनात बाईंनी पहिली तीन पाने काढून टाकली. घटनेचा आधार प्राचार्यांना ठाऊक होता. त्यांना ठाऊक नव्हते ते हे की, ही टक्कर दर वर्षी का होते.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. पहिले सत्र जुलैच्या मध्यास सुरू होते. सत्रात नव्वद दिवस अध्यापन व्हावे असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. मध्यसत्र परीक्षा सातव्या-आठव्या आठवड्यानंतर घेण्याचा प्रघात; म्हणजे ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध. श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे, ते संवत्सरीला, म्हणजे बहुधा गणेश चतुर्थीच्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी संपते. दिगंबरांचे दशलक्षण भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपते. दोन्ही मिळून अठरा दिवसांची जवळजवळ सलग पट्टी, आणि ती नेमकी सातव्या ते नवव्या आठवड्यावर येऊन बसते.

ही पट्टी इंग्रजी तारखांवरून सरकत राहते, हे त्या टिपणाचे खरे मर्म होते. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे जाते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती 14 सप्टेंबरला येते. म्हणून ‘मध्यसत्र परीक्षा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात’ असा कायमचा नियम कधी सुखाचा ठरतो, कधी अडचणीचा. बाईंनी लिहिले की, परीक्षा पट्टीच्या आधी घ्यायची की नंतर, हे दर वर्षी मे महिन्यात पंचांग समोर ठेवून ठरवावे. 2025 मध्ये पर्युषण 20 ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. त्याआधी परीक्षा घेण्याएवढा अभ्यासक्रम झालेला नसतो, म्हणून ती अनंत चतुर्दशीनंतर, 8 सप्टेंबरपासून पुढे. 2026 मध्ये उलट. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत परीक्षा उरकता येते आणि मग पर्व सुरू होते. यासाठी एकही सुटी वाढवावी लागत नाही. फक्त सुट्यांची यादी आणि पंचांग या दोन गोष्टी वेळापत्रक छापण्यापूर्वी एकाच टेबलावर याव्या लागतात. एरवी पहिली कार्यालयात असते आणि दुसरे शिपायाच्या खोलीतल्या भिंतीवर.

शासनाच्या यादीतील सुट्यांबद्दल वाद नव्हता. महावीर जयंती त्यात आहे, ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा आहे. त्या दिवशी महाविद्यालयच बंद. परंतु चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सुट्या ऐनवेळी सरकतात. 2023 साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला एकत्र आल्या, मिरवणुका एका दिवशी नकोत म्हणून मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक पुढे घेतली आणि शासनाने 29 सप्टेंबरची सुटी जाहीर केली. ज्यांचा पेपर 29 ला असेल त्यांची काय धावपळ झाली असेल, याची कल्पना परीक्षा विभागात काम केलेल्याला सहज करता येते. यासाठी बाईंनी एक साधा उपाय घातला: अशा सणाच्या दोन्ही बाजूंचा एकेक दिवस वेळापत्रकात कोरा ठेवावा.

खरी चर्चा झाली ती छोट्या समितीच्या बैठकीत. समितीत दोन विद्यार्थी प्रतिनिधीही होते. बाईंनी आपल्या अनुभवावरून लिहिले होते की, पर्वकाळात परीक्षा टाळता आलीच नाही तर पेपर सकाळी न ठेवता दुपारी ठेवावा, कारण सकाळी अभिषेक-पूजा असते. त्यावर तिसऱ्या वर्षाची एक स्थानकवासी मारवाडी मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, आमचं उलट असतं. संवत्सरीचं प्रतिक्रमण मोठं असतं, तीन-तीन तास चालतं. दुपारनंतर आम्हाला निघता आलं पाहिजे. सकाळी पेपर ठेवला तर आम्ही देऊ.”

बाई क्षणभर गप्प झाल्या. ज्या समाजाच्या वतीने आपण आधिकारिकपणे लिहीत होतो, त्यातल्या अर्ध्या घरांचा दिवस कसा जातो हे आपल्याला माहीत नव्हते, हे त्यांनी बैठकीतच मोकळेपणाने मान्य केले. आपापल्या मंदिरात आणि स्थानकात वावरणाऱ्या आपणा सर्वांचे हे असेच आहे, म्हणा. ‘जैन विद्यार्थ्यांसाठी दुपारचा पेपर’ असे वाक्य टिपणात गेले असते तर त्याने एका बाजूची सोय आणि दुसऱ्या बाजूची अडचण एकाच वेळी केली असती. ते वाक्य गेले. त्याजागी आले ते असे की, कोणत्या विद्यार्थ्याला कोणती वेळ अडते ते त्याने स्वतः सांगावे; त्याच्या धर्मावरून कार्यालयाने अनुमान काढू नये.

याच बैठकीत दुसऱ्या प्रतिनिधीने शुक्रवारचा प्रश्न मांडला. शुक्रवारी बारा ते दोनचा पेपर म्हणजे जुम्माची नमाज बुडणार. त्याची मागणी सुटीची नव्हती, अडीच वाजता सुरू होणाऱ्या पेपरची होती. अडीच ते साडेचार अशी वेळ घेतली तरी सप्टेंबरात सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो; चौविहार पाळणाऱ्यालाही घरी पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवता येते. एकाच्या सोयीने दुसऱ्याचे काही बिघडत नाही असा हा दुर्मीळ योग होता आणि समितीने तो दोन मिनिटांत मान्य केला. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी सातपर्यंत चालणाऱ्या प्रयोगशाळेच्या तुकड्या सकाळी हलविण्याचेही त्याच ओघात ठरले.

बातमी गावात गेली आणि समाजातील चार ज्येष्ठ मंडळी महाविद्यालयात आली. त्यांचे म्हणणे होते की, लिहितेच आहात तर दहाही दिवस परीक्षाबंदी लिहा. त्यांतले एक काका बाईंच्या माहेरच्या ओळखीचे. “तू आमची असून एवढंही करीत नाहीस?” असे ते थेट म्हणाले. बाईंनी त्यांना चहा विचारला नाही, कारण सूर्यास्त होऊन गेला होता. दिनदर्शिका मात्र समोर ठेवली. दशलक्षणाचे दहा मिळाले तर पर्युषणाचे आठ द्यावे लागतील. रमजानचे एकोणतीस-तीस. नवरात्राचे नऊ. मग नव्वद दिवसांच्या सत्रात परीक्षा घ्यायची कधी? “काका, पर्वाचे दहा दिवस हे महाविद्यालय बंद ठेवण्याचे नाहीत. आपली मुलं त्या दिवसांत उपवास करून शाळेतही जातात, दुकानातही बसतात. त्यांना अडतं ते एका-दोन तासांचं असतं. ते एक-दोन तास मी मागते आहे.” काकांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. ते उठताना म्हणाले की, निदान अनंत चतुर्दशीला तरी पेपर नको. ते टिपणात आधीच होते.

राहिला अर्ज. वेळापत्रक कितीही सांभाळून आखले तरी कोणाची ना कोणाची तिथी अडणारच. त्यासाठी पर्यायी परीक्षेची तरतूद आजारपणाच्या बाहेर आणायची होती. येथे गणिताच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी सडेतोड आक्षेप घेतला. “मॅडम, पुढल्या वर्षी सगळ्यांनाच धर्म आठवेल. प्रमाणपत्र मागा. मंदिराच्या विश्वस्तांचं, मशिदीच्या इमामांचं.”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यावर बाईंनी दोन दिवस विचार केला आणि प्रमाणपत्राची अट नाकारली. विश्वस्त काय प्रमाणित करणार? हा मुलगा या समाजाचा आहे, एवढेच. तो उपवास करतो की नाही हे त्यांना कसे ठाऊक? शिवाय जो कोणत्याच मंडळाचा सभासद नाही, ज्याचे विश्वस्तांशी पटत नाही, जो वसतिगृहात राहून एकटाच व्रत करतो, त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे? डॉक्टरांच्या खोट्या दाखल्याऐवजी विश्वस्तांचा खोटा दाखला, एवढाच फरक पडला असता.

प्रमाणपत्राऐवजी त्यांनी वेळेची अट घातली. शैक्षणिक दिनदर्शिका जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यार्थ्याने अर्ज द्यायचा: कोणती तारीख, कोणता पेपर किंवा कोणती वेळ. तिथी वर्षभर आधी ठाऊक असतात. व्रत मनात असलेल्याला जुलैतच अर्ज देता येतो. पेपरच्या आदल्या रात्री अभ्यास झाला नाही म्हणून ज्याला धर्म आठवतो, त्याला जुलैत तो आठवत नाही. एका सत्रात दोनच पेपरांपुरती सवलत. पर्यायी पेपर सात दिवसांच्या आत, सर्वांचा एकाच दिवशी, आणि पुन्हा पर्याय नाही. अशी सवलत आळसासाठी घेणाऱ्याला फारसे काही मिळत नाही, हे गणिताच्या सरांनीही हिशेब करून कबूल केले.

मसुद्याच्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना होता. बाईंनी तो शेवटच्या वाचनात खोडला. तारीख आणि पेपर कळला की कार्यालयाचे काम भागते. कारण विचारले की तेथे काय लिहिले तर चालेल याचा शोध सुरू होतो, आणि तो शोध त्यांनी आयुष्यात एकदा स्वतः घेतलेला होता.

एक अडचण प्रश्नपत्रिकेची. नंतर घाईने काढलेला पेपर बहुधा अवघड निघतो. काढणाऱ्याच्या मनात नकळत ‘यांना जास्त दिवस मिळाले’ हे असते. म्हणून दोन्ही संच एकाच वेळी, त्याच घटकांवर, त्याच गुणविभागणीने काढून पाकिटात मोहोरबंद करावेत, असे कलम आले. सत्रान्त परीक्षेसाठी दोन संच काढण्याची पद्धत होतीच. मध्यसत्रासाठी ती नवी होती आणि प्राध्यापकांना ती जड वाटली. यावर बाईंकडे काम वाढेल एवढेच प्रामाणिक उत्तर होते.

टिपणाच्या शेवटी त्यांनी न होणाऱ्या गोष्टीही लिहिल्या. बाहेरच्या संस्थांच्या परीक्षा, बहिःस्थ परीक्षक येणाऱ्या तोंडी परीक्षा, नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखती यांवर महाविद्यालयाचा अधिकार चालत नाही. तेथे फक्त विनंती करता येते. अशा विनंत्या कधी फळतात. 15 जानेवारी 2025 ची राष्ट्रीय पात्रता परीक्षा पोंगल आणि मकरसंक्रांतीमुळे पुढे ढकलली गेली. पण ज्या सणाला लाखो घरे थांबतात त्याला ते जमते. गावातल्या सात मुलींच्या उपवासाला जमेल असे नाही. आणि प्रश्नपत्रिका एकदा हातात घेतली की पर्यायी परीक्षा मिळणार नाही, हेही स्पष्ट लिहिले. हे कलम लिहिताना बाईंना त्या मुलीचा चेहरा दिसत होता. नव्या नियमातही तिने आधी अर्ज केला नसता तर तिचे नऊ गुण नऊच राहिले असते. तिला त्यांनी ते बोलावून सांगितले. “जुलैत विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, मॅडम,” ती म्हणाली. “विचारलंच नव्हतं कोणी.”

टिपण दीड पानाचे झाले. मे 2025 मध्ये विद्या परिषदेने ते एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून, मान्य केले. मध्यसत्र परीक्षा 9 सप्टेंबरला सुरू झाली. अनंत चतुर्दशी 6 तारखेला होऊन गेली होती. उपवासाची मुले पारणे करून, दोन दिवस जेवून पेपरला बसली. जैन विद्यार्थ्यांकडून त्या सत्रात एकही अर्ज आला नाही.

अर्ज आला तो भलतीकडूनच. अनंत चतुर्दशी टाळून परीक्षा पुढे नेली ती थेट पितृपक्षात जाऊन पडली होती, आणि हे बाईंच्या ध्यानात आले नव्हते. पहिल्या वर्षाच्या एका मुलाचे वडील गेल्या वर्षी वारले होते. एकुलता एक, श्राद्धाची तिथी आणि यंत्रशास्त्राचा पेपर एकाच दिवशी. त्याने जुलैतच अर्ज दिला होता. त्यावर फक्त तारीख आणि विषय. कारण नव्हते; ते नंतर त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळले. त्याचा पेपर पुढील मंगळवारी, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत, आणखी तिघांबरोबर झाला. त्या तिघांनी अर्ज का दिले होते, ते बाईंनी विचारले नाही.

गणिताच्या पर्यायी पेपरसाठी कोणीच नव्हते. सरांनी मोहोरबंद पाकीट तसेच परत आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “फुकट गेले माझे दोन दिवस.” बाईंनी त्यावर 2026 असे लिहून ते कपाटात ठेवले.